सर्टिफिकेट आहे म्हणून सवलत पक्की? एका प्रतिक्रियेला उत्तर

व्यापार करारातल्या देशातून आणलेल्या मालावर आयात शुल्कात सवलत मिळते, पण त्यासाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल त्या देशाचाच असल्याचा दाखला, एवढ्यावर विसंबू नका, असं मी म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन तिथलं सरकार देतं. त्यात चूक असेल तर तो त्यांचा दोष, आयातदाराला का धरायचं? पुरवठादार काय आपली कॉस्टशीट दाखवणार आहे का? तुम्ही उगाच घाबरवताय."

तुमची चीड रास्त आहे, पण कायदा तुमच्या बाजूने नाही. २०२० मध्ये कस्टम्स कायद्यात कलम २८डीए आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की सर्टिफिकेट सादर केलं म्हणून माहितीच्या खरेपणाबद्दलची आयातदाराची जबाबदारी संपत नाही. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून लागू झालेले कॅरोटार नियम, म्हणजे माल नक्की कुठल्या देशाचा हे तपासण्याचे नियम, याच कलमाला धरून आहेत.

आता हे दुखतं कुठे ते बघा. समजा, थायलंडहून लोखंडी सांगाड्याच्या गादीच्या खुर्च्या आणायच्या आहेत. भारताच्या आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या आसियान करारात सर्वसाधारण निकष दोन, आणि दोन्ही एकदम पाळायचे. करारातल्या देशांबाहेरून आलेल्या सुट्या भागांचं आणि तयार मालाचं कस्टम्सचं सहा आकडी वर्गीकरण, म्हणजे उपशीर्षक, वेगळं हवं, आणि एफओबी किमतीत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीत, किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांचं हवं. सुटे भाग एका उपशीर्षकात आणि खुर्ची दुसऱ्यात, म्हणजे पहिला निकष जुळला. शंभर डॉलरच्या खुर्चीत चीनहून आलेला सांगाडा, फोम आणि कापड मिळून ६२ डॉलरचे असतील, तर उरतात ३८. पास. पुढच्या वर्षी हेच भाग ६७ डॉलरला पडले आणि खुर्ची शंभरलाच विकली, तर उरले ३३. कारखाना तोच, खुर्ची तीच, पण सवलत गेली. सर्टिफिकेटच्या कागदावर मात्र हा बदल दिसेलच असं नाही, म्हणून तर मी कागदापलीकडे बघा म्हणतो.

राहिली कॉस्टशीट, म्हणजे पुरवठादाराच्या खर्चाचा तपशील. ती अख्खी कुणी मागत नाही. कॅरोटार नियमांतल्या फॉर्म १ साठी उत्पादनाची प्रक्रिया, बाहेरचा माल कुठला, कुठल्या शीर्षकातला आणि किमतीत त्याचा वाटा किती, एवढं कळायला हवं. कोणाकडून घेतला आणि नफा किती, हे पुरवठादाराने झाकून ठेवलं तरी चालतं. हा फॉर्म बिल ऑफ एंट्रीसोबत, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या कागदासोबत, जोडायचा नसतो, पण माहिती आधीच हातात हवी आणि पाच वर्षं जपायची. अधिकाऱ्याने मागितली तर दहा कामाचे दिवस मिळतात. तेव्हा बँकॉकला ईमेल पाठवायला बसलात, तर काय होणार ते तुम्हीच जाणता!

अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तर प्रकरण पडताळणीला तिकडच्या यंत्रणेकडे जातं. तोवर सवलत थांबते, आणि शुल्काच्या फरकाइतकी हमी भरली तर माल सुटतो. निकाल विरोधात गेला तर त्याच उत्पादकाच्या तशाच मालावरची सवलतही धोक्यात येते.

पुरवठादार ऑर्डरआधीच बाहेरच्या मालाचा वाटा सांगायला टाळाटाळ करत असेल, तर पूर्ण शुल्क धरून खुर्ची कितीला पडते ते काढा. तरी परवडत असेल तर खुशाल मागवा, फक्त सवलतीचा दावा करू नका.