दोन नंबरचा पोर्ट

टीव्ही पूर्ण बंद पडला तर घरातली माणसं एकदिलाने हळहळतात. पण टीव्ही चालू आहे, सेट टॉप बॉक्सचा दिवा हिरवा आहे, रिमोटमधले सेल कालच बदललेत आणि तरीही पडद्यावर 'No Signal' ही पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात निवांत तरंगते आहे, अशा वेळी कुणी हळहळत नाही. तेव्हा प्रत्येकाला एक आरोपी हवा असतो. आमच्या घरात ते पद पूर्वापार माझ्याकडे आहे.

निमित्त झालं रंगकामाचं. भिंतीला रंग द्यायचा म्हणून टीव्ही खाली उतरवला आणि मागच्या सगळ्या वायरी काढल्या. रंग वाळल्यावर टीव्ही परत चढला तेव्हा वायरी लावायचं काम चिरंजीवांनी अंगावर घेतलं. टीव्हीला एचडीएमआयचे तीन पोर्ट. पूर्वी पहिल्यात सेट टॉप बॉक्स होता आणि दुसऱ्यात त्याचा गेमचा कन्सोल. तिसऱ्यावर एआरसी लिहिलेलं असल्यामुळे तिथे साउंडबारच लागतो, कारण टीव्हीचा आवाज उलट बाहेर आणायची सोय आमच्या टीव्हीत त्या एकाच पोर्टावर आहे. या खेपेला चिरंजीवांनी कन्सोल पहिल्यात लावला. का, तर पहिला तो पहिला. बॉक्सच्या वाट्याला दुसरा पोर्ट आला आणि संध्याकाळी आई मालिका बघायला बसली तेव्हा ती पाटी तरंगू लागली.

"अरे, काहीतरी सैल असेल, जरा दाब," आई म्हणाली. दाबलं. "काढून फुंकर मार." मारली. "जुन्या टीव्हीला एक थापटी दिली की चालायचा." भिंतीवरच्या सपाट टीव्हीला थापटी देण्यातला धोका मी तिला समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "मग असल्या नाजूक वस्तू आणता कशाला?"

सौ.चा उपाय जास्त व्यवहारी होता. "वेगळ्या पोर्टात लाव ना." बॉक्स पहिल्यात लावला आणि चित्र लख्ख आलं. पण कन्सोल बेघर झाला. बॉक्स तिसऱ्यात लावला तरीही चित्र आलं, पण साउंडबार मुका झाला. तीन माणसांच्या घरात दोनच खुर्च्या धड असल्या की काय होतं ते मी जाणतो, त्यामुळे दुसरा पोर्ट सुधारण्याला पर्याय नव्हता.

टीव्ही कंपनीला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थाने लक्षण ऐकलं आणि क्षणाचाही विलंब न लावता निदान केलं, "सर, पोर्ट गेलाय. पोर्ट बोर्डावरच असतो, बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाचं नाव ऐकून मी खाली बसलो. पोर्ट मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो, हे खरंच आहे. पण पोर्ट गेलाय हे त्याला फोनवरून कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

खरं तर पोर्ट मेलाय की जिवंत आहे हे कळायला फार अक्कल लागत नाही, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम लागतो. तो आमच्या घरात कुणाकडेच नसल्यामुळे रात्री सगळे झोपल्यावर मी एकटा बसलो. पोर्ट तोच, बॉक्स तोच, केबल फक्त बदलली: पाटी कायम. मग केबल तीच ठेवली, पोर्ट तोच ठेवला आणि बॉक्सच्या जागी कन्सोल लावला. चित्र आलं! म्हणजे पोर्ट जिवंत. केबलही जिवंत. बॉक्स पहिल्यात चालतो, म्हणजे तोही धडधाकट. तिघेही निर्दोष, आणि तरी या बॉक्सचं आणि या पोर्टाचं जमत नव्हतं. अशी प्रकरणं फक्त माणसांत होतात असा माझा समज होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. बॉक्स दुसऱ्या पोर्टात खुपसला की टीव्हीच्या इनपुटच्या यादीत 'HDMI 2' हे नाव उजळायचं आणि काढला की राखाडी व्हायचं. चित्र मात्र नाही. हा फरक फार कामाचा आहे. एचडीएमआयच्या तोंडात एकोणीस पिना असतात. बॉक्स अठराव्या पिनेवरून पाच व्होल्ट पाठवतो, म्हणजे दार वाजवतो. टीव्ही एकोणिसाव्या पिनेवरून 'आहे, आहे, घरात आहे' असं सांगतो. यादीतलं नाव उजळतंय याचा अर्थ दार वाजलेलं आत ऐकू आलंय. केबल तुटली असती किंवा पोर्टाच्या त्या पिना गेल्या असत्या तर नाव राखाडीच राहिलं असतं. तंटा होता तो दार उघडल्यानंतरचा.

दार उघडल्यावर काय होतं, तर पत्रिका बघितली जाते. प्रत्येक पोर्ट समोरच्या यंत्राला आपली पत्रिका देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. मला अमुक एवढं रेझोल्यूशन चालतं, सेकंदाला इतकी चित्रं झेपतात, रंग असे हवेत, आवाज तसा हवा, अशा सगळ्या अपेक्षा तीत लिहिलेल्या असतात. बॉक्स ती वाचतो आणि आपल्याला झेपेल असं स्थळ, म्हणजे चित्र, पाठवतो. यातली मेख अशी, की पत्रिका टीव्हीची एक नसते, पोर्टागणिक वेगळी असते. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की त्या पोर्टाची पत्रिका बदलते. कुठे त्याला 'Enhanced Format' म्हणतात, कुठे 'Input Signal Plus', कुठे 'Deep Color'. साध्या पत्रिकेत बेताच्या अपेक्षा असतात. बटण चालू केलं की तोच पोर्ट फोर-के, सेकंदाला साठ चित्रं, एचडीआर रंग, असं सगळं मागू लागतो. कन्सोलला हे आवडतं. जुन्या सेट टॉप बॉक्सला असली पत्रिका वाचता येत नाही. त्याचं सॉफ्टवेअर अनोळखी मजकुरापाशी अडखळतं आणि तो काहीच पाठवत नाही. टीव्हीच्या माहितीपुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की चित्र न आल्यास हे बटण बंद करून बघावं. ते पुस्तक टीव्हीच्या खोक्यात, आणि खोकं माळ्यावर.

हे सुचलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, चिरंजीवांच्या कुरकुरीमुळे. तो दुपारपासून भुणभुणत होता, "बाबा, गेमचे रंग फिके दिसतायत. एचडीआर सपोर्ट नाही म्हणतोय." मी म्हटलं होतं, इथे आजीची मालिका अडलीय आणि तुला रंगांचं पडलंय. रात्री एकदम ट्यूब पेटली. दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती. मागे कधीतरी त्यानेच दुसऱ्या पोर्टाचं ते बटण कन्सोलसाठी चालू केलं होतं. सेटिंग पोर्टाला चिकटतं, यंत्राला नाही. कन्सोल पहिल्या पोर्टात गेला, पण त्याचा थाट दुसऱ्याच पोर्टात राहिला. तिकडे कन्सोलला साधी पत्रिका मिळाली म्हणून रंग फिके, इकडे बिचाऱ्या बॉक्सला कन्सोलची भारी पत्रिका मिळाली म्हणून तो गप्प.

मधल्या काळात जगन्मान्य उपायही करून झाला होता. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही प्लगमधून काढायचे, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग लावायचे. हा उपाय थट्टेचा नाही. पत्रिका बघताना मध्येच अडकलेली चिप आतली वीज पूर्ण उतरल्यावर खरोखर शुद्धीवर येते आणि बऱ्याच घरांत एवढ्यानेच भागतं. मात्र रिमोटने बंद करून उपयोग नाही, त्यात टीव्ही नुसता डुलकी घेतो. आमच्याकडे यानेही काही झालं नाही आणि होणारही नव्हतं, कारण ते बटण टीव्ही कायमचं लक्षात ठेवतो. घरातल्या सगळ्यांची स्मरणशक्ती अशी असती तर माळ्यावरचं पुस्तक एव्हाना सापडलं असतं.

मग रात्री साडेबाराला सेटिंगमध्ये शिरलो. हे बटण चित्राच्या सेटिंगमध्ये असेल असं कुणालाही वाटेल. ते तिथे नव्हतं. जनरल, मग बाह्य उपकरणं, मग आणखी एक दार, आणि त्याच्या आत तीन पोर्ट ओळीने उभे होते. दुसऱ्यासमोर खूण होती, ती काढली. पाटी तशीच! क्षणभर बोर्डवाला गृहस्थ डोळ्यांसमोर उभा राहिला. पण बॉक्सने जुनी पत्रिका आधीच वाचून ठेवलेली असते, पत्रिका बदलल्याची दखल प्रत्येक बॉक्स आपणहून घेतोच असं नाही. बॉक्सचा प्लग काढला, थोडं थांबून परत लावला. बॉक्स आळोखेपिळोखे देत सुरू झाला आणि पडद्यावर एक मनुष्य मोठमोठ्याने भांडी घासायची पावडर विकू लागला. मध्यरात्रीच्या जाहिरातीकडे इतक्या प्रेमाने कुणी बघितलं नसेल.

पहिल्या पोर्टासमोर खूण केली, म्हणजे चिरंजीवांचेही रंग परतले. पण थोड्या वेळाने त्याचा पडदा सारखा काळा होऊन परत येऊ लागला. हे वेगळं दुखणं, आणि याला केबलच जबाबदार. बॉक्सच्या साध्या एचडी चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास वाट लागते, कन्सोलच्या थाटाला अठरापर्यंत. आवराआवरीत बॉक्सची जुनी केबल कन्सोलला गेली होती. केबलींची अदलाबदल केली आणि तेही थांबलं.

सकाळी आईने विचारलं, "काय झालं होतं रे?" मी पत्रिकेपासून सुरुवात केली. तिने मध्येच थांबवून सौ.ला सांगितलं, "सैलच होतं काहीतरी." आता एकच राहिलंय. इनपुटच्या यादीत दुसऱ्या पोर्टाचं चित्र अजून गेमच्या रिमोटचं आहे, तेही पोर्टालाच चिकटलेलं. चिरंजीव म्हणतो, बदलून देतो. आई म्हणते, नको, आता मला सवय झालीय.