परदेशातून: ‘लवकर परत या’ लिहू का?

“मावशी, आमच्या लीड ताई पुढच्या आठवड्यात बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात. निरोपाचा मेसेज मी लिहायचाय. ‘लवकर परत या’ लिहू का?” पुण्याहून भाचीनं विचारलं.

‘लवकर’ काढून टाक. इंग्लंडमध्ये माझ्या ऑफिसात कुणी तसं लिहिलं तरी ती थट्टाच ठरते, कारण रजा 52 आठवड्यांपर्यंत घेता येते आणि त्याआधी यायचं की नाही, ते तीच ठरवते. माझे यजमान मात्र सगळ्यांना सांगत सुटतात की इथे वर्षभर पगार मिळतो. कायद्यानं पैसे मिळतात 39 आठवडे. त्यातले पहिले सहा पगाराच्या 90 टक्के, मग ठरावीक तुटपुंजी रक्कम. पण त्यातला मोठा वाटा कंपनीला सरकारकडून परत मिळतो. तिकडे भारतात 2017 पासून 26 आठवडे पूर्ण पगारी झाले, हे चांगलंच झालं. फक्त ईएसआय या सरकारी कामगार विम्याबाहेरच्या नोकरीत तो पगार कंपनीच्या खिशातून जातो. मग ‘बायका घ्याव्यात की नाही’ असले वाद रंगतात, आणि त्या हवेत ‘लवकर या’ हे तगाद्यासारखं वाचलं जातं.

माझी बहीण, म्हणजे तुझी आईच, मध्ये म्हणाली, “आम्ही 12 आठवड्यांत हजर झालो, कुणी कार्डबिर्ड दिलं नाही.” बरं झालं का ते, हे तिनं सांगितलं नाही.

इथे रजेत दहा दिवसांपर्यंत कामावर येता येतं, दोघांची संमती असेल तर, आणि रजा मोडत नाही. त्यामुळे ‘तेव्हा भेटूच’ असं कार्डावर सहज लिहितात. तिकडे अशी सोय नाही. ‘संपर्कात राहा’ लिहिलंस की दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी फाइलचा पासवर्ड विचारणार.

बाळाचं अभिनंदन आत्ता नको, काही घरांत ते आधी चालत नाही. मी असं लिहिलं असतं:

“ताई, मार्चएंडला रात्री नऊ वाजता तुम्ही माझी चूक न ओरडता दुरुस्त केलीत, ते लक्षात आहे. सगळं सुखरूप होऊ दे. तुमच्या कुंडीला पाणी मी घालते. कामाचे फोन आम्ही करणार नाही. तुम्हाला जमेल तेव्हा या, रिपोर्टचा तक्ता तुम्ही लावलात तसाच सापडेल.”

परत येण्याची गोष्ट त्या कुंडीत आणि तक्त्यात आली, तारीख कुठेच नाही. ‘तुमची जागा राखून ठेवलीय’ मात्र मॅनेजरला विचारल्याशिवाय लिहू नकोस. आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती आहे का, हेही त्यालाच विचार.