के-मॅपचे रकाने मोजत जाऊन लिहायचे नसतात

“के-मॅप ५ मिनिटांत! रकाने 00, 01, 10, 11 असे ट्रुथ टेबलसारखेच सरळ लिहा. शेजारचे 1 एका गटात घ्या, तीन असले तरी चालतात. X दिसला की 1 धरा. गट मोठा तितकं उत्तर छोटं.”

असा एक मेसेज सध्या फिरतोय. के-मॅप म्हणजे कार्नॉ मॅप, ट्रुथ टेबलवरून सर्किटचं सूत्र छोटं करायचा चौकोनी तक्ता. परवा माझ्या डिप्लोमाला असलेल्या भाचीनं हँडआउटमधलं गणित याच पद्धतीनं सोडवलं आणि विचारलं, “मामा, उत्तर नुसतं 1 येतंय, बरोबर ना?” राग तिचा नाही आला, हे पसरवणाऱ्यांचा आला.

गणित साधं आहे. इनपुट A, B, C. ट्रुथ टेबलच्या ओळी शून्यापासून मोजल्या तर १, २, ५ आणि ६ या ओळींत F = 1, बाकी 0. तिचा मॅप असा:

```
A\BC  00 01 10 11
0      0  1  1  0
1      0  1  1  0
```

मधोमध चार 1 चा झकास चौकोन! आता गटात जे अक्षर बदलत नाही तेवढं ठेवायचं. A बदलतो, गेला. B डावीकडे 0, उजवीकडे 1, गेला. C सुद्धा गेला. काहीच उरलं नाही, म्हणून F = 1. आणि टेबलात चार 0 ढळढळीत बसलेत! तीन अक्षरांच्या मॅपवर चारच्या गटातून दोन अक्षरं जातात आणि एक उरतंच. उरलं नाही, म्हणजे गटच खोटा.

खोटा का, तर 01 वरून 10 वर जाताना B आणि C दोन्ही बदलतात. गट करण्यामागे BC' + BC = B एवढीच युक्ती आहे; ती एकच बिट बदलला तरच चालते. म्हणून क्रम 00, 01, 11, 10:

```
A\BC  00 01 11 10
0      0  1  0  1
1      0  1  0  1
```

आता दोन उभ्या जोड्या दिसतात. दोन्हींतून A जातो, उरतं F = B'C + BC'. म्हणजे एक्सॉर, B आणि C वेगळे असले तरच 1; 7486 या चिपमधलं एक गेट.

जिवावर येतं, पण मान्य करतो: एडवर्ड व्हीचच्या १९५२ च्या तक्त्यात रकाने सरळ क्रमानंच होते. पण मग जुळणारी घरं दूरदूर पडतात आणि ती हुडकत बसावं लागतं. १९५३ मध्ये बेल लॅब्जच्या मॉरिस कार्नॉनं दर पायरीला एकच बिट बदलणारा ग्रे कोडचा क्रम लावला तो याचसाठी. मेसेजवाल्यांनी नाव कार्नॉचं घेतलं आणि त्याची करामतच पुसून टाकली.

तीनचा गट नसतोच. १, २, ४, ८ असे दुपटीनंच. ओळीत तीन 1 आले तर दोन जोड्या करा, मधला 1 दोन्हींत घ्या, बिनधास्त. X म्हणजे 0 आला काय नि 1 आला काय, फरक न पडणारं घर; गट मोठा होत असेल तिथेच तो 1 धरायचा. नुसत्या X साठी वेगळा गट केला की फुकटचं एक गेट वाढतं.

‘गट मोठा तितकं उत्तर छोटं’ हे मात्र बरोबर आहे, गट खरा असेल तर. खात्री करायची असेल तर A, B, C तिन्ही 0 घालून पाहा: F = 1 हे उत्तर पहिल्याच ओळीला आपटतं.