नोटीस वाचून कळली तर नोटीस कसली?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मी पुन्हा लिहिली. अध्यक्षांनी तिच्यावर लाल शाईत शेरा मारला: "भाषा फार सोपी." शाळेत मराठीच्या मास्तरांनीही माझा एवढा अपमान कधी केला नव्हता.

जुनी नोटीस अशी होती: "१) मागील सभा. २) हिशोब. ३) इतर. ४) मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. पुरेसा कोरम नसल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने भरेल." ती वाचून सभासदाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे अर्ध्या तासाने जायचं. म्हणून सगळे तेव्हाच येतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात सेक्रेटरी, सतरंजी अंथरणारा पोऱ्या आणि चहाची किटली एवढेच हजर असतात.

दुरुस्त केलेली प्रत घेऊन मी जुळे सोलापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. शेजारी एक काका आधार कार्डाच्या प्रतीची वाट बघत होते. आमच्या सोसायटीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी न विचारता माझा कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला घेतला.

"विषय ३. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन कोटेशनपैकी एकाची निवड करणे व प्रत्येक फ्लॅटची वर्गणी ठरवणे. हे काय वो? सगळंच सांगून टाकलात की!"

"सांगायलाच नोटीस असते काका."

"मग लोक सभेला कशाला येतील?"

मी समजावलं. विषयाच्या शेवटी काय करायचंय ते आलं पाहिजे, म्हणजे नोंद घ्यायची, मंजुरी द्यायची की निवड करायची. वर्गणीचा ठराव "इतर" खाली उरकला, की न आलेला सभासद पुढच्या महिन्यात विचारतो, हे नोटिशीत कुठं होतं? ऐनवेळच्या विषयात झाडांना पाणी कोण घालणार हे बोलावं. माणशी हजारोंचा खर्च तिथं घुसवू नये.

काका कोरमवर आले. "सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल ते. नुसतं पुरेसा लिहायचं की!"

"पुरेसा म्हणजे किती?"

"पुरेसा म्हणजे पुरेसा."

आमच्याकडं ४८ सभासद आहेत. दोन तृतीयांश म्हणजे ३२, पण २० कमी, म्हणून कोरम २०. चोवीसच सभासद असते तर १६ लागले असते. म्हणून मी सरळ लिहिलं होतं: "या सभेला २० सभासद लागतात. सकाळी १०.३० पर्यंत तेवढे न जमल्यास सभा तहकूब होऊन त्याच दिवशी ११ वाजता, याच जागी भरेल. तेव्हा कोरम लागणार नाही, पण याच विषयपत्रिकेवरचं कामकाज होईल." सोबत आलेली बायकापोरं या विसात धरत नाहीत, हेही लिहायचा मोह मी आवरला.

तेवढ्यात काकांना मतदानाचा परिच्छेद सापडला. चेहराच बदलला त्यांचा.

"एका सभासदाला एकच मत? माझे तीन फ्लॅट आहेत वो!"

"तरी एकच."

"पुण्याचा पोरगा मुखत्यारपत्र पाठवतोय की."

"चालत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत प्रॉक्सीही नाही आणि मुखत्यारही नाही."

"बायकोचं नाव दुसरं लावलंय. तिचं?"

"जोडनावाला मिळून एक मत. पहिलं नाव असलेला हजर असेल तर त्याचं, तो नसेल तर दुसऱ्याचं."

काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "समसमान मतं पडली तर?"

"अध्यक्षांचं निर्णायक मत."

"बघा! सगळं त्यांच्याच हातात," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या छातीवर टेकवला. "वाचून कळली तर नोटीस कसली ती!"

दुकानदार हसला. मला नाही आलं हसू, कारण अध्यक्षांचंही नेमकं हेच म्हणणं होतं.

कसंबसं मन वळवून नोटीस मंजूर करून घेतली, ४८ प्रती काढल्या, ७ सप्टेंबरला दारोदार वाटल्या, पोच म्हणून सह्या घेतल्या. सभा २१ ला. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त लेखापाल सही करता करता बोटांवर मोजत म्हणाले, "पूर्ण १४ दिवस पाहिजेत. वाटल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडा. ८ ते २० म्हणजे १३ झाले."

कोरम, विषय, मतं सगळं कोरून कोरून लिहिणाऱ्या माणसानं बोटं मोजली नव्हती. सभा पुढच्या रविवारी ढकलावी लागली. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपते, त्यामुळे २८ च्या पुढं जायला जागाच नव्हती.

पुन्हा ४८ प्रती काढायला गेलो, तर काका तिथंच. आता पॅनकार्ड घेऊन.

"तारीख चुकली का वो?" म्हणाले. "सोपी भाषा केली की असंच होतंय."