‘काकांचं नाव टाका, झालं काम’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"तुम्ही सगळे फाउंडर बाहेर असला तरी टेन्शन नाही. गावाकडच्या काकांना नाहीतर मामांना सहीपुरता रेसिडेंट डायरेक्टर करा. शेअर द्यायचे नाहीत, म्हणजे त्यांच्यावर जबाबदारी पण नाही. 182 दिवस नुसते कागदावर असतात, कोण मोजत बसत नाही. बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर होतंय. आणि हे पण नको असेल तर एलएलपी करा, तिथं हा नियमच नाही."

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आता दुबई, लंडन, टोरांटोला आहेत आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपकडून पार्ट करून घेऊन बाहेर विकायचे, असा विचार बरेच जण करतायत, म्हणून इथं कंपनी काढताना किमान एक डायरेक्टर भारतात राहणारा, म्हणजे रेसिडेंट, लागतो त्यावर पळवाट सांगणारा हा मेसेज इकडं जास्त फिरतोय. त्यातली एक गोष्ट खरी आहे ती आधी सांगतो, डायरेक्टर व्हायला शेअर लागत नाहीत. पण तिथून पुढं जी उडी मारलीय ती पार चुकलीय.

जबाबदारी शेअरला चिकटलेली नसते, पदाला चिकटलेली असते. कंपनी कायद्यात ‘ऑफिसर इन डिफॉल्ट’, म्हणजे चुकीसाठी धरला जाणारा माणूस, म्हणून एक प्रकार आहे. कंपनीत मॅनेजिंग डायरेक्टर, होलटाइम डायरेक्टर किंवा सीईओ वगैरे कोणी नसेल आणि बोर्डानं कुठल्या एका डायरेक्टरला त्याच्या संमतीनं जबाबदार म्हणून नेमलं नसेल, तर सगळेच डायरेक्टर त्यात येतात. तिघं मित्र आणि एक काका अशा छोट्या कंपनीत हे कोणी ठरवलेलंच नसतं, त्यामुळं काका आपोआप आत. आता नॉन एक्झिक्युटिव्ह, म्हणजे रोजचा कारभार न बघणाऱ्या डायरेक्टरला कलम 149(12) मध्ये थोडं संरक्षण आहे, त्याला माहीत नसताना झालेल्या गोष्टीसाठी त्याला धरत नाहीत. पण बोर्डाच्या कामकाजातून जे त्याच्यासमोर आलं ते त्याला माहीत होतं असंच धरलं जातं, आणि त्यानं नीट लक्ष घातलं नाही हा पण आरोप होऊ शकतो. काकांनी ताळेबंदावर सही केलीय, ठरावावर सही केलीय, बँकेत चेकवर सही त्यांचीच आहे, मग ‘मला काही ठाऊक नव्हतं’ हे कसं म्हणणार ओ?

टॅक्सचं तर त्याहून वाईट. प्रायव्हेट कंपनीकडून जीएसटी वसूल झाला नाही तर त्या काळातल्या डायरेक्टरांकडून घ्यायची सोय जीएसटी कायद्याच्या कलम 89 मध्ये आहे, आणि इन्कम टॅक्समध्ये पण तसंच आहे. आपला मोठा निष्काळजीपणा नव्हता हे डायरेक्टरनं स्वतः दाखवायचं, डिपार्टमेंटनं नाही. समजा कंपनीचा सहा लाख जीएसटी थकला आणि तिघा मित्रांत भांडण होऊन सगळं ठप्प झालं. कागदावर चौघं सारखेच, पण दुबई आणि टोरांटोत जाऊन वसुली करायची की टिळकवाडीतल्या काकांच्या खात्याला हात लावायचा, ह्यातलं सोपं काय हे सांगायला नको.

आणखी एक. कंपनीनं सलग तीन वर्षं वार्षिक रिटर्न भरले नाहीत तर सगळे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतात. काकांची स्वतःची दुसरी कुठली कंपनी असेल तर तिथलं पद जातं, आणि मजा म्हणजे जिनं घोळ घातला त्या कंपनीतलं तेवढं जात नाही. काका सरकारी नोकरीत असतील तर नोकरीच्या नियमांचा वेगळा प्रश्न, त्यांना विचारायच्या आधी तो बघा.

आता दिवसांचं, हे जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं हे हमखास फसतंय. कलम 149(3) म्हणतं की कंपनीत किमान एक डायरेक्टर असा हवा जो त्या आर्थिक वर्षात एकूण 182 दिवस तरी भारतात राहिलाय. सलग नाही, एकूण. भारतीय नागरिकच हवा असंही त्या कलमात नाही, आणि तो कर्नाटकातच राहायला हवा असंही नाही, कोल्हापूरचा किंवा गोव्याचा भाऊ पण चालतो. नवीन कंपनीला पहिल्या वर्षी प्रमाणात मोजतात. म्हणजे 1 ऑक्टोबर 2025 ला कंपनी झाली तर 31 मार्चपर्यंत 182 दिवस उरतात, त्याच्या साधारण निम्मे, म्हणजे 91 दिवस पुरे. पहिलं वर्ष असं सहज निघून जातं आणि सगळे निवांत होतात.

दुसऱ्या वर्षी काका काकू लेकीकडं अमेरिकेला जातात. आपल्याकडं आता हे घरटी झालंय, नातवंडं सांभाळायला सहा महिने. समजा 5 एप्रिल 2026 ला गेले आणि 2 ऑक्टोबरला आले. जायचा आणि यायचा दिवस धरून भारतातले दिवस किती? एप्रिलचे 5 आणि 2 ऑक्टोबर ते 31 मार्च 181, एकूण 186. जेमतेम बसलं. मग जानेवारीत पुतण्याकडं दुबईला दहा दिवस, 10 ला गेले 20 ला आले, मधले 9 दिवस पूर्ण बाहेर. 186 चे 177 झाले आणि कंपनी नियमाबाहेर. ह्यात कोणी लबाडी केलेली नाही, फक्त काका दोनदा लेकरांकडं गेले.

कोण मोजत बसत नाही हे अर्धं खरं आहे. दरवर्षी पासपोर्ट अपलोड करायला कोणी सांगत नाही. पण शिक्के पासपोर्टवर असतातच, आणि विचारलं जातं ते नको त्या वेळी, कंपनीला कशावरून नोटीस आली, कुणी तक्रार केली, किंवा गुंतवणूकदाराच्या वकिलानं ड्यू डिलिजन्स करताना चौघांच्या प्रवासाच्या तारखा मागितल्या की मागची वर्षं पण उघडी पडतात. दंड कलम 172 खाली, कंपनीला 50 हजार आणि दोषी ऑफिसर प्रत्येकी 50 हजार, पुढं चालूच राहिलं तर रोज 500, कंपनीला जास्तीत जास्त 3 लाख आणि माणसाला 1 लाख. स्मॉल कंपनीला जास्तीत जास्त निम्मा लागतो. आपल्या उदाहरणात चारही डायरेक्टर धरले गेले तर कंपनीचे 25 आणि चौघांचे 25 प्रमाणे एक लाख, मिळून सव्वा लाख, रोजचे 500 सोडून. माणसाला लागलेला दंड त्यानं स्वतःच्या खिशातून भरावा असं ऑर्डरमध्ये सहसा लिहिलेलं असतं. म्हणजे नात्याखातर सही केलेल्या काकांनी पेन्शनमधनं 25 हजार भरायचे.

आणि नुसत्या नावाच्या डायरेक्टरांकडं सरकार आता साधेपणानं बघत नाही. चिनी लोकांच्या शेल कंपन्यांत इथले डमी डायरेक्टर बसवल्याच्या प्रकरणात 2022 साली मोठ्या कंपनी घोटाळ्यांचा तपास करणाऱ्या एसएफआयओनं अटक केली, तेव्हापासून हा विषय तापलेलाच आहे. तुमची कंपनी तशी नाही हे मान्य, पण बाहेरून बघणाऱ्याला साचा तोच दिसतोय की.

व्हिडिओ कॉलचं बघू. बोर्ड मीटिंग व्हिडिओवर चालते, कायद्यालाच मान्य आहे, हिशोब मंजूर करायला पण आता अडचण नाही. अडतं ते बँकेत आणि जीएसटीत. व्हिडिओ केवायसी बँका भारताबाहेरून चालू देत नाहीत, मग तिघा फाउंडरांचे कागद अटेस्ट करून कुरिअरनं यायचे, ब्रँचनं परत पाठवायचे, परत यायचे. खातं उघडेपर्यंत शेअरचे पैसे घेता येत नाहीत आणि ते पैसे आल्याशिवाय धंदा सुरू केल्याचा आयएनसी 20ए फॉर्म भरता येत नाही, ज्याला कंपनी झाल्यापासून 180 दिवस असतात. इथंच कोणीतरी म्हणतं, काका तुम्ही तात्पुरते भरा, नंतर बघू. असलं अजिबात करू नका. दुबई, लंडनवाल्यांचे शेअर आणि पैसे इथल्या माणसाच्या खात्यातून, हे फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमात अडकतं. ज्याचे शेअर त्याच्याच खात्यातून पैसे यायला हवेत, आणि ते परत बाहेर नेता येतील अशा पद्धतीनं आणायचे की नाही हे आधीच ठरवायला हवं. तसं आणलं तर शेअर दिल्यापासून 30 दिवसांत रिझर्व बँकेकडं एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म भरावा लागतो. बाहेर न नेण्याच्या अटीवर एनआरआय किंवा ओसीआयनं घातलेले पैसे देशातल्या गुंतवणुकीसारखे धरतात, तिथं हा फॉर्म नाही.

जीएसटी नोंदणीत सिस्टीमनं तुमचा अर्ज तपासायला काढला की अधिकृत सही करणाऱ्यानं सेवा केंद्रात जाऊन आधारचा बोटाचा ठसा द्यायचा. तो टोरांटोतून कसा देणार? आणि रजिस्टर्ड ऑफिस घरातच दाखवायचं तर हेस्कॉमचं लाइट बिल लागतं, दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. आपल्याकडं निम्म्या घरांचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, मग एनओसी कोणाची घ्यायची इथून सुरुवात.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीबद्दल एका ओळीत, तिथं पण दोनपैकी एक डेझिग्नेटेड पार्टनर भारतात राहणारा हवा, फक्त दिवस 120 आहेत. काकांचं अमेरिका दुबईचं वर्ष तिथं बसलं असतं, एवढाच फायदा.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर नावापुरता माणूस नको, काम करणारा हवा. इथला जो खरंच जॉबवर्क बघतो, बिलं तपासतो, त्याला डायरेक्टर करा, पगार द्या, चेकवर सहीची मर्यादा ठरवा, प्रत्येक मीटिंगची मिनिट्स आणि दर महिन्याला जीएसटी भरल्याची पावती त्याच्या मेलवर पाठवा. त्याला नुकसान झालं तर कंपनी भरेल असं लेखी द्या, पण टॅक्सवाले तो कागद मानणार नाहीत, तो तुमच्या आपापसातला असतो, हे पण त्याला सांगा. जमलं तर इथले दोघं घ्या, म्हणजे एक परदेशी गेला किंवा वारला तरी दिवस दुसऱ्याचे भरतात. आणि जानेवारी लागला की दोघांचे पासपोर्ट घेऊन दिवस मोजा, मार्च संपल्यावर मोजून उपयोग नाही.

तिघांपैकी एकानंच वर्षातनं सहा महिने इथं राहायचं, असं काही जण ठरवतात. कंपनी कायद्याला ते चालतं. पण 182 दिवस राहिला की तो इन्कम टॅक्सला पण इथला रेसिडेंट होतो, आणि त्याची मागच्या वर्षांची हजेरी किती त्यावर त्याचं बाहेरचं उत्पन्न इथं दाखवायचं की नाही हे ठरतं. दुबईत पगारावर टॅक्स नाही म्हणून तिथं गेलेल्यानं तिकीट काढायच्या आधी हे सीएकडं बसून बघावं.