४८ रिफ्रेश घेऊन दोन तासांचा रिफ्रेश छोटा होत नाही

"पॉवर बीआय प्रोमध्ये दिवसाला आठच रिफ्रेश मिळतात, म्हणून रिपोर्ट शिळा राहतो आणि सारखा फेल होतो. प्रीमियम घ्या, ४८ मिळतात, डेटा लाइव्ह होतो आणि गेटवेची कटकट पण जाते." हे सारखं ऐकू येतं.

आठचा आकडा खरा आहे, पण तो शेड्यूल्ड आणि एपीआयने मारलेले रिफ्रेश मिळून आहे. Refresh now दाबून हाताने केलेला त्यात धरत नाहीत. म्हणजे महिनाअखेरीला कुणाला दुपारी ताजा आकडा हवा असेल तर बटण दाबा, कोटा संपत नाही.

फेल होण्याचा मात्र या आठशी काहीच संबंध नाही, आणि इथेच लोक चुकीच्या जागी पैसे घालतात. प्रोमध्ये एका रिफ्रेशला २ तासांची मर्यादा आहे, प्रीमियममध्ये ५ तासांची. आमच्याकडे विक्रीचं एक मॉडेल होतं, तीन वर्षांचा डेटा, साधारण ४ कोटी ओळी, एसक्यूएल सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणि मध्ये गेटवे, म्हणजे ऑफिसमधला डेटा क्लाउडमधल्या पॉवर बीआयपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. सुरुवातीला १ तास ५० मिनिटं लागायची, डेटा वाढत गेला, मग दोन तास ओलांडले आणि लागोपाठ चार वेळा फेल झाल्यावर शेड्यूलच आपोआप बंद पडलं. आम्हाला दोन दिवसांनी कळलं, कारण फेल झाल्याचा मेल ज्याच्या नावावर मॉडेल होतं त्याला गेला आणि तो सुट्टीवर होता. आता हिशोब करा, एका मॉडेलचा एका वेळी एकच रिफ्रेश चालतो, १ तास ५० मिनिटांचा एक असेल तर २४ तासांत जेमतेम १३ बसतात, मग ४८ स्लॉट घेऊन करणार काय?

खरं कारण पॉवर क्वेरीत सापडलं. कुणीतरी तारखेच्या फिल्टरच्या आधी इंडेक्स कॉलमची स्टेप टाकली होती, त्यामुळे फोल्डिंग तुटलं, म्हणजे फिल्टर डेटाबेसकडे गेलाच नाही, सगळं टेबल गेटवेच्या मशीनवर ओढलं जायचं आणि गाळणी तिथे व्हायची. तपासायचं कसं? स्टेपवर राइट क्लिक करा, View Native Query चालू असेल तर फोल्ड होतंय. करडं दिसलं तर शंका घ्या, कारण काही सोर्सवर फोल्ड होत असूनही ते करडंच राहतं, म्हणून डेटाबेसच्या बाजूला नेमकी कुठली क्वेरी येते ते बघितलेलं उत्तम. इंडेक्सची स्टेप काढली, फिल्टर वर आणला आणि इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावला, जो प्रोमध्येही मिळतो:

```
= Table.SelectRows(Sales, each [SaleDate] >= RangeStart and [SaleDate] < RangeEnd)
```

एका टोकालाच बरोबरचं चिन्ह द्यायचं, दोन्हीकडे दिलं तर सीमेवरच्या ओळी दोनदा येतात. तीन वर्षं साठवायची आणि शेवटचे ७ दिवसच रिफ्रेश करायचे असं ठेवलं, तेव्हापासून रिफ्रेश ६ मिनिटांत होतो. एक खाच आहे, पहिला रिफ्रेश सगळा इतिहास भरतो आणि त्यालाही तेच २ तास लागू, म्हणून आधी फोल्डिंग दुरुस्त करायचं, मगच हे. आणि डेस्कटॉपवरून पुन्हा पब्लिश केलंत की पार्टिशन पुसली जातात, परत पूर्ण भरणा करावा लागतो.

लाइव्हचं म्हणाल तर ४८ म्हणजे दर अर्ध्या तासाला एक, आणि ठरलेल्या वेळी सुरू होईलच असंही नाही, रिफ्रेश रांगेत थोडा मागे सरकू शकतो. मिनिटामिनिटाचा आकडा हवा असेल तर डायरेक्टक्वेरी लागते, पण तेव्हा प्रत्येक चार्ट, प्रत्येक स्लायसर डेटाबेसवर क्वेरी टाकतो, तोही याच गेटवेतून. ते डेटाबेसला पेलतं का हे डीबीएला आधी विचारा.

आणि गेटवे जात नाही हो. डेटाबेस कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेल तर लायसन्स कुठलंही घ्या, मध्ये गेटवे लागणारच. इम्पोर्टच्या वेळी पॉवर क्वेरीचं काम त्याच मशीनवर चालतं, डेटा आधी तिथल्या डिस्कवर साठतो आणि मग वर जातो, त्यामुळे क्लाउडमधली क्षमता वाढवून ते मशीन वेगवान होत नाही. कुणाच्यातरी लॅपटॉपवर पर्सनल मोडमध्ये टाकला असेल तर लॅपटॉप झोपला की रिफ्रेश गेला. कायम चालू राहणाऱ्या सर्व्हरवर स्टँडर्ड मोड टाका, मायक्रोसॉफ्टची शिफारस ८ कोर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी अशी आहे, आणि शक्यतो डेटाबेसच्या जवळ ठेवा. नेटवर्कवाले घाबरतात म्हणून त्यांना सांगा, गेटवे बाहेरच कनेक्शन करतो, आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही.