त्या पोरीचं उत्तर चूक नव्हतं

आज एका शाळेतली विज्ञान प्रश्नमंजुषा बघून आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे. शाळेचं नाव घेत नाही, कोल्हापूर काही फार मोठं नाही.

बझर फेरी संपली तेव्हा दोन संघ ८५-८५. टायब्रेकर. सरांनी वाचायला घेतलं, "पाणी किती अंश सेल्सिअसला उकळतं..." आणि बझर वाजला. आठवीतली पोरगी म्हणाली, "सर, कोल्हापुरात साधारण अठ्ठ्याण्णव." सरांच्या कागदावर १००. चूक! वजा पाच. ८५-८०, म्हणजे समोरचा संघ तोंडही न उघडता जिंकला.

अरे, पोरगी बरोबर होती की! आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. करा हिशोब.

नंतर सर म्हणाले, प्रश्नात पुढं "प्रमाण वातावरणीय दाबाला" असं होतं. लवकर बझर दाबला तर जोखीम तिची, हे मान्य. पण ज्या अटीवर उत्तर ठरतं ती शेपटाला ठेवायचीच कशाला? बझरच्या प्रश्नात अट आधी यायला हवी: "प्रमाण वातावरणीय दाबाला पाणी किती अंशाला उकळतं?" आता कुठंही थांबवा, गोंधळ नाही. आणि स्क्रिप्टमध्ये उत्तराशेजारी एक रकाना हवा: आणखी काय चालेल, आणि कशावर "नीट सांग" म्हणायचं. तो असता तर सरांनी तिला "कुठल्या दाबाला?" एवढंच विचारलं असतं.

बझरवर वाचन थांबवायचं, उत्तर चुकलं तर दुसऱ्या संघासाठी प्रश्न पहिल्यापासून पूर्ण वाचायचा, हे तरी स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर लिहा. टायब्रेकरला वजा गुण तर नकोतच. माझं ऐकाल तर टायब्रेकरला बझरच नको. दोन पाट्या द्या, अंदाजाचा प्रश्न विचारा. चंद्र पृथ्वीपासून सरासरी किती किलोमीटरवर? एकाच वेळी लिहायचं, ३,८४,४०० च्या जवळचा जिंकला. दोघांचा आकडा तोच आला तर दुसरा प्रश्न तयार ठेवायचा.

सरांवर ओरडून उपयोग नाही म्हणा. प्रश्न तेच वाचणार, बझर कुणाचा आधी हे कानानं तेच ठरवणार, गुण फळ्यावर तेच मांडणार. एका माणसानं किती करायचं? गुणपत्रक दुसऱ्याकडं द्या. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ: कुणी दाबला, बरोबर की चूक, किती गुण, दोन्ही संघांची त्या क्षणाची बेरीज. मग अशी हरकत आली की त्या ओळीपर्यंत मागं जाता येतं. आज फळा पुसला होता, मागं जायचं कुठं?

त्या सरांना मी उद्या फोन करणार आहे. पुढच्या वर्षी गुण लिहायला मी बसतो, फुकट.